लहान आकडा टाकून दिला तरी चूक जास्त कशी? ४×४ चित्र, सरासरी-फरक आणि पाच आकड्यांचा वाद

धरमपेठची

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मुलांना एक छोटं चित्र दिलं होतं. झिरो माइलच्या खांबाच्या फोटोतला चार बाय चार पिक्सेलचा तुकडा आहे. डावीकडे उन्हातला दगड, उजवीकडे सावली.

```
१४६  १४०  ११५   ७३
१४४  १३८  ११३   ७५
१४६  १४४  ११६   ८०
१४८  १४६  ११८   ७८
```

कृती नेहमीचीच. शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यायची आणि त्यांच्या फरकाचा अर्धा भाग घ्यायचा, पहिला वजा दुसरा. आधी ओळींवर, मग स्तंभांवर. पहिल्या ओळीचं होतं १४३, ९४, ३, २१ आणि दुसरीचं १४१, ९४, ३, १९. या दोन ओळी एकीखाली एक ठेवून स्तंभांची सरासरी घेतली की १४२, ९४, ३, २० आणि फरक घेतले की १, ०, ०, १. खालच्या दोन ओळींचंही तसंच. मग वरच्या डाव्या कोपऱ्यात चार सरासऱ्या जमतात (१४२, ९४, १४६, ९८), त्यांच्यावर तीच कृती पुन्हा एकदा. शेवटी हे सोळा सहगुणक हाती येतात:

```
१२०   २४    ३   २०
 -२    ०    १   १९
  १    ०    ०    १
 -१    ०    ०   -१
```

प्रश्न असा होता की सोळातले पाच सहगुणक ठेवा, बाकीचे शून्य करा, उलट कृती करून चित्र परत मिळवा आणि चुकांच्या वर्गांची बेरीज काढा.

एका मुलाने सरळ पाच मोठे आकडे ठेवले: १२०, २४, २०, १९ आणि ३. त्याची बेरीज ८४ आली. एका मुलीने ३ टाकला आणि त्याच्या जागी -२ ठेवला. तिची बेरीज ५६ आली. दोघांचीही आकडेमोड मी तपासली, बरोबर आहे. मुलाचं म्हणणं, "मॅडम, लहान आकडे टाका असं तुम्हीच शिकवलंत, मग माझी चूक जास्त कशी?" मला कारण ठाऊक आहे, पण वर्गात सूत्र न लिहिता ते कसं पोचवावं, आणि गुण कोणाला द्यावेत, दोन्ही बाबतीत इथल्या लोकांचं मत हवं आहे.

कोराडीवाला

ताई, मी तं म्हणतो सोळातले पाचच ठेवले म्हणजे फाइल तिपटीहून लहान झाली. काम तं झालं! मंग ८४ काय अन् ५६ काय, डोयाले काय फरक दिसणार आहे? दोघायलेही पूर्ण मार्क देऊन टाका.

सदर_स्टुडिओ

मॅडम, आमच्याकडे रोज पोरं येतात, फॉर्मसाठी फोटो ५० केबीच्या आत पाहिजे म्हणून. मी आधी फोटोची लांबी-रुंदी कमी करतो, मग क्वालिटी ७० वर ठेवून सेव्ह करतो. तुमचं चित्र मुळात चार बाय चार आहे तर ते आणखी लहान करायची गरज काय? ते तर आधीच काहीच जागा घेत नाही.

धरमपेठची

@सदर_स्टुडिओ दादा, हे चित्र फक्त हाताने सोडवता यावं म्हणून एवढं लहान घेतलं आहे. मोठ्या चित्रातही हेच होतं, फक्त पायऱ्या वाढतात. तुम्ही क्वालिटी ७० करता तेव्हा आतमध्ये असेच काही आकडे शून्य होतात, पण तिथली कृती वेगळी आहे. साध्या जेपीईजीत ८×८ च्या ठोकळ्यांवर कोसाइनचं रूपांतर चालतं.

जुना_सिग्नलवाला

धागा आवडला. मुलाने आकड्याकडे पाहिलं, पण तो आकडा किती पिक्सेलवर बसतो ते पाहिलं नाही. सगळं उत्तर एवढ्यातच आहे.

-२ हा दुसऱ्या फेरीत आला. तो सांगतो की चित्राचा वरचा अर्धा भाग सरासरीपेक्षा २ ने काळा आणि खालचा अर्धा २ ने उजळ आहे. पाहा, वरच्या आठ पिक्सेलची सरासरी ११८ आहे, खालच्या आठची १२२. तो टाकला की सोळाच्या सोळा पिक्सेल २ ने चुकतात. प्रत्येकी वर्ग ४, एकूण ६४.

३ हा पहिल्या फेरीतला. तो फक्त वरच्या डाव्या चार पिक्सेलबद्दल बोलतो: डावा स्तंभ ३ ने उजळ, शेजारचा ३ ने काळा. तो टाकला तर चारच पिक्सेल ३ ने चुकतात. प्रत्येकी ९, एकूण ३६.

म्हणजे २ टाकण्याची किंमत ६४ आणि ३ टाकण्याची ३६. बाकीचे पाच ±१ दोघांनीही टाकले, त्यांचे प्रत्येकी ४ मिळून २० होतात. ६४ + २० = ८४ आणि ३६ + २० = ५६. तुमचे दोन्ही आकडे जसेच्या तसे आले.

वर्गात सांगायचं तर नियम असा सांगा: आकडे ताडून पाहण्याआधी पहिल्या फेरीतल्यांना २ ने गुणा आणि दुसऱ्या फेरीतल्यांना ४ ने. मग ३ चे होतात ६ आणि २ चे होतात ८, आणि कोण मोठा ते सरळ दिसतं. हे २ आणि ४ कुठून आले? चार पिक्सेलचं वर्गमूळ आणि सोळा पिक्सेलचं वर्गमूळ. पुस्तकांत भागायला २ ऐवजी √२ घेतात ते याचसाठी. तसं केलं की ही गुणाकाराची पायरी आपोआप आत जाते आणि "लहान टाका" हा नियम खरा ठरतो. तुम्ही सोपं पडावं म्हणून २ ने भागलंत. उलट कृतीला त्याने काहीच बाधा येत नाही, फक्त टाकताना वजन लक्षात ठेवावं लागतं.

मैत्रेयी_खामला

मी वरच्या चित्रावर कृती करून पाहिली आणि माझे आकडे वेगळेच आले. पहिल्या ओळीत १२०, २४, २, १९.५ आणि शेवटच्या ओळीत -०.५, -०.५, ०, -१. अर्धे आकडे कुठून आले? धाग्यातलं मॅट्रिक्स चुकलं आहे का?

जुना_सिग्नलवाला

@मैत्रेयी_खामला, नाही, तुमचंही बरोबर आहे. तुम्ही प्रत्येक ओळ शेवटपर्यंत नेलीत, म्हणजे पहिल्या ओळीचं ११८.५, २४.५, ३, २१ केलंत आणि मग स्तंभांना हात घातलात. मॅडमनी ओळींची एक फेरी, स्तंभांची एक फेरी आणि मग फक्त चार सरासऱ्यांवर पुन्हा, असं केलं. दोन्ही पद्धती चालतात, दोन्हींतून मूळ चित्र तंतोतंत परत येतं.

फरक सहगुणकांच्या आकारात पडतो. तुमच्या पद्धतीत काही आकडे लांबट पट्ट्यांवर बसतात, आठ पिक्सेल एका दमात. त्यामुळे तुम्हाला वजनं तीन लागतील: सोळावाल्यांना ४, चारवाल्यांना २ आणि या आठवाल्यांना √८. तुमच्या पहिल्या ओळीतला तो २ आणि १९.५ हे आठवाले आहेत. मॅडमच्या ३ आणि १ यांची सरासरी २, आणि २० आणि १९ यांची १९.५. पडताळून पाहा.

या चित्रावर मॅडमची पद्धत फायद्याची ठरली. त्यांच्याकडे शून्य नसलेले आकडे ११ आहेत, तुमच्याकडे १३.

मैत्रेयी_खामला

हो, जुळलं! मी दोन पद्धती असतात हेच धरलं नव्हतं. धन्यवाद काका.

तिसऱ्या_बाकावर

मी कोडमध्ये करून पाहतोय. हे लिहिलं:

```python
import numpy as np

def step(X):
    X = np.vstack([(X[0::2] + X[1::2])/2,
                   (X[0::2] - X[1::2])/2])
    return np.hstack([(X[:,0::2] + X[:,1::2])/2,
                      (X[:,0::2] - X[:,1::2])/2])

C = step(A)
C[:2,:2] = step(C[:2,:2])
```

हाताने `A` टाइप केलं तर उत्तर धाग्यासारखंच येतं. पण फोटो फाइलमधून वाचला की काहीतरी भलतंच येतं. खालच्या भागात १२७ सारखे आकडे, जिथे -१ यायला हवा. तोच तुकडा आहे, मी छापून पाहिला.

जुना_सिग्नलवाला

फाइलमधून वाचलेलं चित्र बहुतेकदा `uint8` असतं, त्यात ० ते २५५ एवढंच मावतं. तिसऱ्या ओळीतून चौथी वजा केली: १४६ - १४८ = -२, पण त्या साच्यात ऋण आकडा नाही, म्हणून २५४ होतो आणि त्याचा अर्धा १२७. बेरजेतही तेच: १४६ + १४८ = २९४, त्यातून २५६ गळून ३८ उरतात आणि सरासरी येते १९. `A.astype(float)` करून मग `step` ला द्या.

ओळखायची खूण लक्षात ठेवा. शेवटी वरच्या डाव्या कोपऱ्यात जो आकडा येतो तो संपूर्ण चित्राची सरासरी असायलाच हवा. इथे सगळ्यांची बेरीज १९२०, भागिले १६, म्हणजे १२०. तो जुळला नाही तर पुढे पाहूच नका.

तिसऱ्या_बाकावर

आलं! १२०. 🙏

कोराडीवाला

माह्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं ना भाऊ. फाइल तिपटीहून लहान झाली का नाही झाली?

जुना_सिग्नलवाला

भाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं. मूळ चित्र १६ पिक्सेल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे १२८ बिट. पाच आकडे ठेवले तर ४० बिट, इथपर्यंत तुमचं गणित ठीक. पण उघडणाऱ्याला कसं कळणार की २० हा पहिल्या ओळीत चौथ्या जागी बसतो? जागाही लिहून ठेवावी लागते. सगळ्यात साधा उपाय म्हणजे सोळा जागांसाठी सोळा बिटची हो-नाही पट्टी. ४० आणि १६ मिळून ५६. म्हणजे तिपटीहून नाही, सव्वादोन पटीच्या थोडं वर.

दुसरी गोष्ट, या चित्रात सगळे आकडे पूर्णांक आले कारण मॅडमनी आकडे तसे निवडले असावेत. खऱ्या चित्रात पहिल्या फेरीनंतर पाव येतात, दुसऱ्या फेरीनंतर सोळावे भाग. ते ८ बिटांत बसवायचे तर जवळच्या पूर्णांकावर आणावे लागतात आणि त्याचीही थोडी चूक वरून पडते.

मोठ्या चित्रात मात्र जागा लिहिण्याचा खर्च बराच वाचवता येतो. एखाद्या भागात मोठ्या पायरीचा फरक शून्य असेल तर त्याच भागातले बारीक फरकही बहुधा शून्यच असतात. म्हणून "इथून खाली सगळं शून्य" अशी एकच खूण पुरते. शापिरो यांनी १९९३ मध्ये याच कल्पनेवर एक पद्धत मांडली आणि ती खूप चालली. चार बाय चारमध्ये तिची मजा दिसत नाही, खाली उतरायला जागाच नाही.

कोराडीवाला

आता समजलं. जागा मोजायची राहून गेली होती. पण डोयाले फरक दिसत नाही हे माहं म्हणणं मी सोडत नाही. ४ नं इकडंतिकडं झालं तं दगडावर कोणाले दिसते?

धरमपेठची

@कोराडीवाला काका, या तुकड्यापुरतं मान्य. पण मुलाचं परत आलेलं चित्र पाहा, आधी त्याचं, खाली मुलीचं.

```
१४७  १४१  ११६   ७६
१४७  १४१  ११६   ७६
१४४  १४४  ११५   ७७
१४४  १४४  ११५   ७७

१४२  १४२  ११४   ७४
१४२  १४२  ११४   ७४
१४६  १४६  ११७   ७९
१४६  १४६  ११७   ७९
```

मूळ चित्रात दगड वरून खाली हळूहळू उजळतो. मुलाच्या चित्रात तो उतार नाहीसाच झाला, वरचा आणि खालचा अर्धा भाग एकाच सरासरीचा. एका तुकड्यात हे दिसणार नाही. पण मोठ्या फोटोत असे हजारो तुकडे शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येकातला उतार असाच गेला तर फुटाळा तलावावरच्या संध्याकाळच्या आकाशात चौकोन चौकोन दिसायला लागतात.

जुना_सिग्नलवाला

चौकोनांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मुलीच्या पद्धतीतही चौकोन येतातच. तो या रूपांतराचा स्वभाव आहे. एक ओळ घ्या: १००, १०४, १०८, ११२. एकसारखा चढ आहे. सरासऱ्या १०२ आणि ११०, फरक -२ आणि -२. ते दोन फरक लहान म्हणून टाकले की परत येतं १०२, १०२, ११०, ११०. चढाच्या जागी एक मोठी पायरी. वजन लावूनही हे टळत नाही, कारण बारीक फरक लहानच आहेत.

आल्फ्रेड हार या गणितज्ञाने सरासरी-फरकाची ही कल्पना १९१० साली मांडली तेव्हा चित्र दाबणं त्यांच्या मनातही नव्हतं. पुढे जे फिल्टर आले त्यांत मधल्या आकड्याचा अंदाज दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवरून बांधतात. १०० आणि १०८ चा मध्य १०४, अंदाज बरोबर, फरक शून्य. चढ फुकटात साठतो. जेपीईजी २००० मध्ये असेच फिल्टर आहेत. आमच्या कामात सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं `.jp2` फाइलमध्ये येतात, ती याच जातीची.

काटोलकर

रामराम. मी संत्र्याचा बागायतदार. वरचं सगळं समजलं असं म्हणत नाही, पण माझा अनुभव यात बसतो का ते सांगा. पानावर बारीक पांढुरके ठिपके पडले की मी फोटो काढून ओळखीच्या कृषी सल्लागाराला मोबाइलवरून पाठवतो. त्यांचं नेहमीचं उत्तर, "फोटोत पान स्वच्छ दिसतंय, ठिपके कुठे आहेत?" माझ्या मोबाइलवर तर स्पष्ट दिसतात. लहान आकडे टाकतात म्हणता, त्यात माझे ठिपकेच जातात का?

जुना_सिग्नलवाला

@काटोलकर दादा, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मोबाइलवरून पाठवताना जे होतं ते हे रूपांतर नव्हे. तिथे फोटोची लांबी-रुंदीही बरेचदा कमी होते. पण ठिपका का मरतो ते या चार बाय चारवर नीट दाखवता येतं.

समजा सगळं पान एकसारखं आहे आणि त्यात एकाच पिक्सेलचा ठिपका ८ ने उजळ आहे. पहिल्या फेरीत त्या चार पिक्सेलची सरासरी २ ने वाढते आणि तिन्ही फरक, आडवा, उभा, तिरपा, प्रत्येकी २ येतात, उणे किंवा अधिक. दुसऱ्या फेरीत त्या २ चे चार अर्धे होतात: सगळ्या तुकड्याची सरासरी ०.५ ने वर आणि तीन फरक ०.५ चे. म्हणजे ८ चा ठिपका मॅट्रिक्समध्ये कुठेही ८ म्हणून दिसतच नाही. तो २, २, २ आणि ०.५, ०.५, ०.५ असा विखुरतो. आता "२ आणि त्याखालचं टाका" म्हटलं की सगळे गेले. उरतं काय, तर सगळा तुकडा अर्ध्याने उजळ. ठिपका गायब, आणि सल्लागार म्हणतात पान स्वच्छ आहे.

याउलट मॅडमच्या चित्रातली सावलीची उभी कड पाहा. तिचा सगळा जोर २४, २० आणि १९ या तीन आकड्यांत गोळा झाला, म्हणून ती टिकली. उभ्या-आडव्या कडा या पद्धतीला मानवतात, सुटे ठिपके आणि तिरप्या रेषा मानवत नाहीत.

उपाय साधा आहे. ठिपका एका पिक्सेलचा राहू देऊ नका. मोबाइल पानाजवळ नेऊन फोटो काढा, म्हणजे एकेक ठिपका पुष्कळ पिक्सेल व्यापेल. तोच ८ चा ठिपका दोन बाय दोनचा झाला आणि जागेवर नीट बसला तर बारीक फरक शून्य होतात आणि मोठ्या फेरीत २, २, २ येतात. या २ चं वजन ४ पट, म्हणजे ८. आधीच्या २ चं वजन दुप्पट, म्हणजे ४. टिकण्याची शक्यता तेवढी वाढली. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग मूळ फाइल जाते.

काटोलकर

डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं माहीत नव्हतं. करून पाहतो. जवळून काढतो तेव्हा फोटो कधी कधी धूसर येतो, ते वेगळंच दुखणं.

सदर_स्टुडिओ

दादा, धूसर येतो कारण मोबाइल फार जवळ नेता. वीतभर दूर धरा, पानावर बोट टेकवून फोकस घ्या आणि मग कापून घ्या. उन्हात नका काढू, सावलीत काढा, पांढुरका ठिपका उन्हात पानाच्या चमकेत हरवतो.

काटोलकर

धन्यवाद भाऊ. 👍

तिसऱ्या_बाकावर

मला एक शंका आहे. सिग्नलवाले काका म्हणतात -२ टाकला की सगळे २ ने चुकतात, ३ टाकला की चारच, पण ३ ने. मग सगळ्यात जास्त चुकलेला पिक्सेल पाहिला तर ३ टाकणं वाईट नाही का? वर्गांची बेरीजच का मोजायची? माझ्या मते मुलगा बरोबर आहे.

धरमपेठची

एकेक सहगुणक सुटा पाहिला तर तुझं खरं आहे, २ टाकून जास्तीत जास्त चूक २ आणि ३ टाकून ३. पण दोघांनी ते पाच ±१ सुद्धा टाकलेत आणि चुका एकमेकींवर चढतात. वरच्या दोन्ही चित्रांतून मूळ चित्र वजा करून पाहा. मुलाकडे सगळ्यात मोठी चूक ४, खालच्या डाव्या कोपऱ्यात, १४८ च्या जागी १४४. मुलीकडेही ४, वरच्या डाव्या कोपऱ्यात, १४६ च्या जागी १४२. त्या मापाने बरोबरी झाली.

जुना_सिग्नलवाला

यात भर घालतो. वर्गांची बेरीज मोजली की प्रत्येक सहगुणकाची किंमत सुटी काढून नुसती बेरीज करता येते, चिन्हं एकमेकांत अडकत नाहीत. म्हणूनच ६४ + २० लिहून उत्तर आलं. सगळ्यात मोठी चूक मोजली की ही सोय जाते. प्रत्येक पिक्सेलवर सरासरी सोडून सहा सहगुणकांचा हात असतो, तीन बारीक आणि तीन मोठे. त्यांतले कोणते टाकले आणि त्यांची चिन्हं त्या पिक्सेलवर एका बाजूला पडतात की उलटसुलट, ते एकत्र पाहावं लागतं. आकडे उतरत्या क्रमाने लावून वरचे पाच उचलणं तिथे पुरत नाही.

मैत्रेयी_खामला

म्हणजे प्रश्नपत्रिकेत कोणतं माप ते लिहिलं नसेल तर दोघंही बरोबर? मुलाला सांगितलं होतं लहान आकडे टाक, त्याने तेच केलं.

धरमपेठची

प्रश्नात वर्गांची बेरीज काढा असं होतं, पण ती कमीत कमी ठेवा असं कुठेच नव्हतं. म्हणून आकडेमोडीचे पूर्ण गुण दोघांनाही देते. मुलीला वेगळा एक गुण देते, कारण तिने उत्तरपत्रिकेत बाजूला "हा सगळीकडे पसरतो" असं लिहून -२ भोवती गोल केला होता. सोमवारी मुलाला फळ्यावर बोलावून -२ एकटा टाकायला सांगणार आणि मग ३ एकटा. सोळा चुका आणि चार चुका त्याने स्वतः मोजल्या की २ ने आणि ४ ने गुणायचं तोच सांगेल. पुढच्या प्रश्नपत्रिकेत माप स्पष्ट लिहीन.

कोराडीवाला

हे बेस झालं ताई.

तिसऱ्या_बाकावर

थांबा, बरोबरी झालेली नाही! मी मुलाचेच पाच ठेवले, म्हणजे १२०, २४, ३, २० आणि १९, फक्त १२० च्या जागी १२०.२५ आणि २४ च्या जागी २४.२५ लिहिले. डावा अर्धा भाग त्यामुळे अर्ध्याने वर गेला, उजवा होता तिथेच राहिला. आता सगळ्यात मोठी चूक ३.५ येते. मुलीच्या पाचांत मात्र वरचे डावे चार पिक्सेल कायम एकाच आकड्याचे राहणार, आणि तिथे मूळ आकडे १३८ पासून १४६ पर्यंत आहेत. आकडा काहीही ठेवला तरी चूक ४ च्या खाली जाऊ शकत नाही.

जुना_सिग्नलवाला

करून पाहिलं, बरोबर आहे. शाब्बास. वर्गांची बेरीज ८४ वरून ८६ झाली, कारण दोन्ही सहगुणक पाव-पावने हलवले आणि प्रत्येकाची किंमत सोळा गुणिले पावाचा वर्ग, म्हणजे १. दोन्ही मिळून २ वाढले. त्या मापाने मुलगी अजून ५६ वर पुढेच आहे, सगळ्यात मोठ्या चुकीच्या मापाने तुझं ३.५ पुढे.

धरमपेठची

ठेवलेला सहगुणक हलवून पाहायचं माझ्या डोक्यातच नव्हतं. हे सोमवारी वर्गात नेते. पण मग आणखी एक प्रश्न उभा राहतो. हलवायची मुभा असेल तर या चित्रात पाचच आकडे ठेवून ३.५ च्याही खाली जाता येतं का? वेगळेच पाच निवडून?

तिसऱ्या_बाकावर

२०, १९, २४ आणि १२० सोडता येणार नाहीत असं वाटतं, सावलीची कड आहे ती. पाचव्या जागी १ किंवा -१ ठेवला तर डावा अर्धा भाग अडतो. पण वाटणं वेगळं, सिद्ध करणं वेगळं. कोडने सगळ्या जोड्या तपासतो.

मैत्रेयी_खामला

माझ्या पद्धतीच्या सोळा आकड्यांवरही तपास. तिथे १९.५ एकटाच दोन्ही कडा सांभाळतो, म्हणजे आणखी एक जागा मोकळी होते. मग पाचांत २ आणि -२ दोन्ही ठेवता येतील.